‘दूध परतलं, तालीम परतली का?’ : एका प्रस्तावाचा मागोवा

हिवरे बाजारवर आजवर जे लिहून आलं, ते बहुतेक पाण्यावर. समतल चर, बोअरवेलबंदी, पाण्याचा ताळेबंद, पोपटराव पवारांची सरपंचपदाची कारकीर्द हे सगळं वाचकाला पाठ झालं आहे. पण 1972 च्या दुष्काळाआधी नगर तालुक्यात हे गाव पैलवानांचं म्हणून ओळखलं जाई. या जुन्या ओळखीचं पुढे काय झालं, यावर लेख करावा असा प्रस्ताव मी 2019 मध्ये एका मासिकाच्या संपादकांना पाठवला. लेख मंजूर व्हायला 2025 उजाडलं. मधल्या वर्षांत तो मेल कसा बदलत गेला, त्याचा हा मागोवा. मुक्त पत्रकाराला विषय सुचण्याइतकंच काम तो विषय संपादकाच्या टेबलावर उभा करण्यात असतं, आणि दुर्लक्षित खेळाच्या बाबतीत तर जास्तच.

2019 चा मेल लांबलचक होता. त्यात 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं खाशाबा जाधवांचं कांस्यपदक होतं, हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि गणपतराव आंदळकर होते, मातीतल्या कुस्तीकडे होणाऱ्या दुर्लक्षाची खंत होती. संपादकांचं उत्तर दोन ओळींचं आलं : ‘महाराष्ट्र केसरीचं थेट प्रक्षेपण होतं, गदा घेतलेल्या मल्लाचा फोटो पहिल्या पानावर येतो. मग कुस्ती दुर्लक्षित कशी?’

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना विषय आपोआप लहान झाला आणि नेमका झाला. दुर्लक्षित आहे ती यात्रेतली कुस्ती. नगरकडे तिला हगामा म्हणतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांत हगामा भरतो. सुरुवात लहान पोरांच्या नारळाच्या कुस्त्यांनी होते आणि इनाम चढत जाऊन शेवटची मोठी कुस्ती लागते. वजनकाटा नसतो. पंच आणि जाणती मंडळी दोन पोरांना शेजारी उभं करून, अंगलट पाहून जोड लावतात. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण असतात. हगाम्यात कुस्ती चितपट झाली तरच निकाली, नाहीतर बरोबरीत सोडवायची. या कुस्त्यांचा निकाल कुठल्या संकेतस्थळावर सापडत नाही. सापडलाच तर यात्रा कमिटीच्या वहीत सापडतो, वर्गणीच्या आणि इनामाच्या हिशेबाशेजारी.

पुढच्या मेलमध्ये हे सगळं घालायचं ठरवलं, तोवर 2020 उजाडलं. करोनामुळे यात्रा बंद झाल्या, त्याबरोबर हगामेही. 2022 मध्ये यात्रा पुन्हा भरू लागल्यावर मी मेल नव्याने लिहिला. या वेळी खंत गेली आणि तिच्या जागी एक प्रश्न आला.

पैलवान घडवायला माती, वस्ताद आणि खुराक लागतो. यातला खुराक घरच्या गोठ्यावर अवलंबून असतो. कसदार दूध आणि तूप वर्षानुवर्षं एका पोराच्या पोटात घालायचं म्हणजे चारा हवा, आणि चाऱ्याला पाणी हवं. दुष्काळात जनावरं गेली, माणसं मजुरीसाठी गाव सोडून गेली. तिथे तालमीला पोरगं कोण धाडणार? 1989 मध्ये पोपटराव सरपंच झाले. गंमत अशी, की पैलवानांच्या गावाचा कारभार हाती घेणारा हा तरुण क्रिकेट खेळणारा होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावाचं दूध दिवसाला सुमारे दीडशे लिटर होतं. पाणलोटाची कामं मुरल्यावर पुढच्या दशकभरात ते चार हजार लिटरच्या घरात गेलं. मग मेलचा विषय एवढाच उरला : ‘दूध परतलं, तालीम परतली का?’

या प्रश्नाची खरी गोम मेलमधल्या त्यापुढच्या वाक्यात होती. पूर्वीचं दूध घरात राहत असे, आताचं संकलन केंद्रावर जातं आणि त्याचे पैसे होतात. त्या पैशांतून पोराची फी भरली जाते की खुराक होतो, हे एकेका घरात बसून विचारावं लागेल. म्हणून मेलमध्ये कोणाला भेटणार याची यादी दिली : जुने मल्ल, दूध संस्थेचा हिशेब पाहणारे, शाळेतले क्रीडाशिक्षक, यात्रा कमिटी. वहीतल्या इनामाच्या नोंदी तपासू, हेही लिहिलं.

संपादकांना प्रश्न आवडला, पण त्यांनी दोन अडचणी काढल्या. पहिली निमित्ताची. पाणी हेच कारण कशावरून, ही दुसरी. कोल्हापूरला तालमी टिकल्या त्या केवळ पंचगंगेच्या पाण्यामुळे नव्हेत. शाहू महाराजांचा आश्रय होता, त्यांनी उभारलेलं खासबाग मैदान होतं. हिवरे बाजारात तालीम परतली नसेल, तर दोष पाण्याचा नसून मॅटचा, शिक्षणाचा किंवा शहरातल्या नोकरीचाही असू शकतो. एकाच गावावरून हे ठरत नाही. त्यावर मी शेजारचं एक असं गाव जोडलं, जिथे पाणलोटाची कामं तशी झाली नाहीत, पण यात्रेचा हगामा भरतो. दोन्ही गावांत तेच प्रश्न विचारायचे, म्हणजे फरक कुठून आला ते कळेल.

निमित्त 2025 ने दिलं. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि देशी खेळांवर पानं निघू लागली. लगेच फेब्रुवारीच्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरातच रंगली. पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला, पण गाजली ती चितपटीच्या निर्णयावरून पंचांशी झालेली झटापट. दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदीही आली. संपादकांनी आपण होऊन फोन केला. त्यांना वादावर लेख हवा होता. वाद आठवड्याभरात सगळीकडे छापून येणार होता, मासिक पुढच्या महिन्यात निघणार होतं. तोवर त्यात नवं काय उरणार? मी तोच जुना मेल एका नव्या परिच्छेदासह परत पाठवला : ज्या जिल्ह्यात ही स्पर्धा झाली, तिथल्या गावांत मातीवर उतरणारी पोरं उरली आहेत का, हे स्पर्धेच्या बातम्यांत कुठेच नाही.

मंजूर झालेला मेल एका पडद्यात मावतो. विषयाच्या ओळीत ‘प्रस्ताव’, शीर्षक आणि गावाचं नाव. पहिल्या परिच्छेदात दुधाचे दोन आकडे आणि प्रश्न. दुसऱ्यात हगामा म्हणजे काय, चार वाक्यांत. तिसऱ्यात दोन गावं, भेटीची माणसं, तपासायच्या वह्या. चौथ्यात निमित्त. शेवटी शब्दसंख्या, छायाचित्रं कोण काढणार, प्रवासखर्च आणि मजकूर देण्याची तारीख. खाशाबा त्यात नाहीत. लेखातही ते गरज पडली तरच येतील.

संपादकांनी अडीच हजार शब्दांचे अठराशे केले आणि लेख दिवाळी अंकासाठी धरला. इथे एक व्यवहार कळला. दिवाळी अंकाची जुळवाजुळव साधारण मे-जूनमध्ये सुरू होते, तेव्हा बहुतेक यात्रा उरकलेल्या असतात. हगाम्यावर लिहायचं तर प्रस्ताव गुढीपाडव्याआधी मंजूर हवा. नाहीतर आखाडा न पाहताच लिहावं लागतं, किंवा वर्षभर थांबावं लागतं. 2025 चा पाडवा 30 मार्चला होता. होकार त्याआधी आला, म्हणून त्या चैत्रात वही घेऊन आखाड्याच्या कडेला बसता आलं.