चंद्राजवळ पाच, तक्त्यात चार

मेलबर्नला राहणाऱ्या भाचीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. तिच्या आईची, म्हणजे माझ्या ताईची पत्रिका. कागद पिवळा पडलेला, घडीच्या रेषेवर शाई उडालेली. खाली प्रश्न होता : ‘मामा, नेटवर बघून मी हे इंग्रजीत करतेय. आईचा चंद्र कर्केचा की सिंहेचा? कुंडलीत त्याच्याजवळ ५ लिहिलंय आणि खालच्या तक्त्यात ४. आणि ५ म्हणजे पाचवं घर ना?’

तिच्या या एका प्रश्नात पत्रिका वाचताना होणाऱ्या दोन मोठ्या चुका एकत्र आल्या होत्या. आधी वरचा चौकोन घेऊ.

आपल्याकडच्या नेहमीच्या पत्रिकेत एका चौकोनात तिरप्या रेषा मारून बारा घरं पाडलेली असतात. वरच्या बाजूचं मधलं, पतंगासारखं घर म्हणजे पहिलं स्थान, लग्न. इथे लग्नाचा विवाहाशी संबंध नाही; जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली राशी म्हणजे लग्नराशी. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने दुसरं, तिसरं असं मोजत जायचं. घरांच्या जागा कधीच बदलत नाहीत, म्हणून त्यांचे क्रमांक कोणी लिहीत नाही. घरात लिहिलेला आकडा असतो तो राशीचा : १ मेष, २ वृषभ, ३ मिथुन, ४ कर्क, ५ सिंह, ६ कन्या, ७ तूळ, ८ वृश्चिक, ९ धनू, १० मकर, ११ कुंभ, १२ मीन.

ताईच्या कुंडलीत वरच्या घरात १२ आहे, म्हणजे मीन लग्न. डावीकडचं दुसरं घर १, तिसरं २, असं मोजत गेलं की ५ चा आकडा सहाव्या घरात येतो. चंद्र तिथे आहे. म्हणून ‘पाचव्या घरात चंद्र’ हे भाषांतर चूक. ‘सहाव्या स्थानी सिंहेचा चंद्र’ हे बरोबर. पानावर शेजारी दुसरा चौकोन असतो, राशिकुंडली. तिच्यात चंद्राचीच राशी वर मांडतात, त्यामुळे तिथे वरच्या घरात ५ दिसतो. दोन्ही चौकोनांची सरमिसळ करायची नाही.

स्थानांना नावंही आहेत : तनू, धन, सहज, सुख, सुत, रिपू, जाया, मृत्यू, धर्म, कर्म, लाभ, व्यय. सोप्या शब्दांत अनुक्रमे शरीर, पैसा-कुटुंब, भावंडं, आई आणि घर, मुलं, शत्रू आणि आजार, जोडीदार, आयुष्याचा शेवट, भाग्य, कामधंदा, मिळकत, खर्च. ‘सहज’ म्हणजे सोपं नव्हे. सोबत जन्मलेले ते सहज, म्हणजे भावंडं. आणि आठव्या घरात ग्रह दिसला की ‘मृत्यू’ असा एकच शब्द लिहून परदेशातल्या मुलीला घाबरवू नये. ते घराचं नाव आहे, निकाल नव्हे.

ग्रह एकेका अक्षराने लिहितात : र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के. हिंदी पत्रिकेत रवीच्या जागी ‘सू’ असतो. मराठी पत्रिकेत पुष्कळदा ह आणि ने हेही भेटतात. ते हर्षल आणि नेपच्यून. अक्षराजवळ ‘व’ असेल तर ग्रह वक्री, म्हणजे पृथ्वीवरून पाहताना उलटा सरकताना दिसणारा. फोटोत खरी अडचण करतात ती काने-मात्रे उडालेली अक्षरं. ताईच्या दहाव्या घरात, ९ च्या आकड्याजवळ, ‘र रा’ असं आहे. भाचीने ते ‘र र’ वाचलं होतं. अशा वेळी एक पडताळा हाताशी असतो : राहू आणि केतू नेहमी समोरासमोर, एकमेकांपासून सातव्या घरात असतात. ताईच्या चौथ्या घरात ‘श’जवळ ‘के’ स्पष्ट वाचता येतो, म्हणजे दहाव्यात राहू असलाच पाहिजे. आकड्यांचंही तसंच. ते ओळीने चालतात, त्यामुळे एक स्वच्छ वाचता आला की पुसट झालेले बाकीचे अकरा मोजून काढता येतात.

आता खालचा तक्ता. त्याला ‘स्पष्टग्रह’ म्हणतात आणि डोक्यावर रा. अं. क. वि. असं असतं : राशी, अंश, कला, विकला. एका राशीचे ३० अंश, एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. ताईच्या चंद्राखाली ४ । २० । ४८ । ० आहे. इथला पहिला आकडा चालू राशीचा नाही, पुऱ्या झालेल्या राशींचा. चार राशी संपवून चंद्र पाचवीत, म्हणजे सिंहेत, २० अंश ४८ कला पुढे गेला आहे. कुंडलीतला ५ आणि तक्त्यातला ४ ही एकच गोष्ट आहे. शंका असेल तर मंगळ बघावा. ताईच्या तक्त्यात मंगळाखाली राशीच्या जागी ० आहे. शून्य नावाची राशी नसते. एकही राशी संपलेली नाही, म्हणजे मेष. तक्त्यात कुठे ० दिसला की तो संपलेल्या राशी मोजणारा तक्ता आहे हे नक्की. उलट कुठे १२ दिसला, तर लिहिणाऱ्याने चालू राशीचा क्रमांक घातला आहे.

डोक्यावरच्या मजकुरात भाचीने ‘प्रमादी’चं भाषांतर चुका करणारा आणि ‘मंदवासरे’चं संथ दिवस असं केलं होतं. प्रमादी हे संवत्सराचं नाव आहे. नावाचं भाषांतर करायचं नसतं. मंद म्हणजे शनी, म्हणून मंदवासर म्हणजे शनिवार. शके १८९५, पौष वद्य पंचमी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पौषातली ही पंचमी जानेवारीत पडली, म्हणून साल १९७४, तारीख १२ जानेवारी. त्या दिवशी शनिवारच होता. तक्त्यात रवी ८ । २८, म्हणजे धनूचे २८ अंश; संक्रांतीला दोन दिवस उरलेले. तिन्ही गोष्टी जुळल्या की तारखेवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

जन्मवेळ ‘इष्ट घटी ११ पळे १५’ अशी दिली आहे. ही सूर्योदयापासून मोजतात. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. अकरा घटींची २६४ मिनिटं, पंधरा पळांची ६. एकूण साडेचार तास. पत्रिकेत सूर्योदय ७-०८ दिला आहे, म्हणजे जन्म सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी. भाचीने रात्रीचे सव्वाअकरा लिहिले होते.

राहिली ती अवकहड्याची चौकट : नक्षत्र पूर्वा, गण मनुष्य, नाडी मध्य, योनी मूषक. ही सगळी चंद्राच्या नक्षत्रावरून आपोआप ठरणारी खाती आहेत, लग्न जमवताना गुण मोजायला लागतात. ‘मूषक’ला उंदीर लिहिलं तरी चालेल, पण शेजारी ‘नक्षत्राचा गट’ असं लिहावं, नाहीतर तो शेरा वाटतो. त्याखाली ‘शुक्र भोग्य व. ८ मा. ९ दि. १८’. भोग्य म्हणजे जन्मानंतर भोगायची उरलेली दशा. शुक्राची दशा वीस वर्षांची. पूर्वा नक्षत्राचा जेवढा भाग चंद्राचा चालायचा राहिला, तेवढाच वाटा उरतो. चंद्राच्या २० अंश ४८ कलांवरून हिशेब केला, तर बरोबर हेच उत्तर येतं. पुसट चंद्र नीट वाचल्याची ही शेवटची खूण.

भाचीने सुधारलेला कागद परत पाठवला. त्यात एक ओळ तिने स्वतःची घातली होती : ‘घरातला आकडा राशीचा, तक्त्यातला आकडा संपलेल्या राशींचा.’ बाकीचं पान ती आता माझ्याशिवाय वाचू शकते.