जेवणाचा पोल टाकण्याआधी

नांदेड-लातूरच्या मित्रांचं गेट-टुगेदर ठरलं की ग्रुपवर लगेच 'व्हेज की नॉनव्हेज?' असा पोल पडतो. हा प्रश्न मतांवर सोडू नका. बहुमत झालं की शाकाहारी मित्र जिरा राईसवर भागवतो. बजेटचंही तसंच. व्हॉट्सॲप पोलमध्ये कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, म्हणून कमी आकडा सांगायला माणूस संकोचतो. तो प्रत्येकाला वेगळा मेसेज करून विचारा आणि सगळ्यात कमी आकडा धरा.

समजा तो ३०० निघाला. ५ टक्के जीएसटी धरला तर मेनूकार्डवर माणशी २८५ च्या आतच बसायला हवं. त्यात बसणारी आणि व्हेज मिळणारी तीन-चार ठिकाणंच पोलमध्ये घ्या. व्हेजचं स्वयंपाकघर वेगळं आहे का, हे आधी फोनवर विचारा. Allow multiple answers चालू ठेवा, म्हणजे सगळ्यांना चालणारं ठिकाण कळतं.

नमुना:
'शनिवारी रात्री ८, लातूर. सगळीकडे व्हेज आहे, माणशी ३०० च्या आत. चालतील त्या सगळ्यांवर टिक करा. मुदत शुक्रवार रात्री ९.
▢ औसा रोड: शुद्ध शाकाहारी थाळी
▢ अंबाजोगाई रोड: साउथ इंडियन
▢ बार्शी रोड: ढाबा, व्हेजचं किचन वेगळं'