ओळी मोडल्या नाहीत, तरी कविता

शार्ल बोदलेरने प्रेयसीच्या केसांवर दोनदा लिहिलं. एकदा यमकबद्ध छंदात, पाच-पाच ओळींच्या सात कडव्यांत. दुसऱ्यांदा गद्यात, सात छोट्या परिच्छेदांत. ही दुसरी रचना त्याच्या मृत्यूनंतर, १८६९ मध्ये निघालेल्या गद्यकवितांच्या संग्रहात आहे. तिथे यमक नाही. पण सलग चार परिच्छेद केसांच्याच उल्लेखाने उघडतात आणि शेवट पुन्हा सुरुवातीच्या विनवणीकडे वळतो. ओळ आणि यमक जे काम करतात, ते इथे पुनरावृत्ती करते.

मग साधा परिच्छेद वेगळा कुठे पडतो? हा नमुना पाहा:

“आजी गेल्यावर घर विकायचं ठरलं, म्हणून सगळे सामान आवरायला गावी आले. माजघरात तिची लोणच्याची बरणी सापडली. ती पाहून सगळ्यांना गहिवरून आलं.”

आता हे:

“बरणीच्या तोंडावर फडकं. गाठ आजीची. घराची किल्ली देऊन झाली. गाठ कोणी सोडेना.”

‘म्हणून’ गेलं, आजीचं जाणं गेलं, गहिवरही गेला. वाचकाने ते गाठीवरून ओळखायचं. दाटपणा येतो तो या गाळलेल्या दुव्यांतून. शब्द नुसते कमी करून तो येत नाही. बोदलेरच्या काही गद्यकविता तर चांगल्या लांब आहेत.

अलंकारांनी मढवलेला परिच्छेद इथेच उघडा पडतो. त्यातली दोन विशेषणं काढली तरी काही बिघडत नाही. वरच्या तुकड्यातून ‘गाठ’ काढली, तर उरते फक्त बरणी.