चार तास, पण कुणाच्या घड्याळाचे?

घरून काम, टीम सॅन फ्रान्सिस्कोची, आणि जाहिरातीत एक अट: 'आमच्या वेळेशी किमान चार तास ओव्हरलॅप हवा.' चारच तास तर आहेत, असं म्हणून उमेदवार पुढे जातो. नाशिकला बसून हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

तिथे सकाळी नऊ वाजतात तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे चार तास धरले, तर साडेनऊ ते दीड. टीमला दुपारनंतरचे तास हवे असतील, तर तेच चार तास रात्री दीड ते पहाटे साडेपाच होतात. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, आपली नाही. त्यामुळे साडेनऊची मीटिंग साडेदहाला जाते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिथेच राहते.

इंटरव्ह्यूनंतर आभाराची मेल जातेच. हे विचारायची जागा तीच, कारण ऑफर स्वीकारल्यावर वेळेची घासाघीस अवघड होते. 'वेळ लवचिक आहे का?' असं विचारलं की उत्तर हमखास 'हो' येतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा तीन नेमके प्रश्न विचारावेत. हे चार तास किती ते किती, आणि नोव्हेंबरात वेळ कुणी बदलायची? या वेळात मीटिंगला बसायचं, की चॅटवर उत्तर दिलं तरी चालतं? कोणत्या मीटिंगना हजेरी सक्तीची आहे, आणि बाकीच्यांचं रेकॉर्डिंग मिळतं का?

मेलमध्ये वेळ लिहिताना नुसतं IST लिहू नये. इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेलाही हीच अक्षरं वापरतात. UTC+5:30 लिहिलं की घोटाळा होत नाही. 'रोज रात्री साडेअकरापर्यंत मीटिंगला येऊ शकेन, त्यानंतर आठवड्यातून एकदाच' अशी आपली मर्यादाही त्यातच सांगून टाकावी.

ही मेल एचआरला जात असली, तरी उत्तर ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या मॅनेजरकडून मिळवावं. मीटिंगच्या वेळा तोच ठरवतो. उत्तर मोघम आलं, तर टीममधल्या भारतातल्या सहकाऱ्याचा गेला आठवडा कसा गेला, कोणत्या मीटिंग किती वाजता होत्या, एवढं विचारावं. त्यात शुक्रवार आवर्जून पाहावा. त्यांची शुक्रवारी दुपारी एकची मीटिंग म्हणजे आपल्याकडे शनिवार उजाडायच्या आत, रात्री दीड किंवा अडीच. अशी मीटिंग दर आठवड्याला असेल, तर कागदावरचा पाच दिवसांचा आठवडा आपल्यासाठी सहाव्या दिवसात शिरतो. पगाराचं बोलणं या हिशोबानंतर करावं.