सहा महिन्यांचं बाळ झोपेशी भांडतं तेव्हा

आमच्या वस्तीतली एक ताई बाळाला घेऊन आली. म्हणाली, "सिस्टर, दिवसा झोपतच नाही. तासभर झोळी हलवते, तेव्हा कुठे डोळा लागतो, आणि अर्ध्या तासात रडत उठतो."

मी विचारलं, सकाळी किती वाजता उठतो? साडेसहाला. झोळीत कधी टाकतेस? नळाचं पाणी, डबा, भांडी उरकून, पावणेदहाला. म्हणजे सव्वातीन तास पोरगं जागं. इथेच घोळ होता.

सहा महिन्यांचं बाळ एका वेळी साधारण दोन ते तीन तास जागं राहू शकतं. सकाळचा टप्पा सगळ्यात लहान, संध्याकाळचा मोठा. टप्पा उलटला की बाळ दमतं, पण शांत व्हायच्या ऐवजी चेकाळतं, पाठ ताणतं, किंचाळतं. आपल्याला वाटतं, याला झोपच आलेली नाही.

तिला तीन दिवस वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या. बाळ कधी उठलं, झोपेची पहिली खूण कधी दिसली, झोप कधी लागली. पहिली खूण म्हणजे रडणं नव्हे. खेळणं सोडून शून्यात बघणं, तोंड फिरवणं, भुवया लालसर होणं, कान ओढणं, मग जांभई. वहीत दिसलं, सकाळची खूण उठल्यावर सव्वादोन तासांनी, पावणेनऊला येत होती. मग साडेआठलाच दूध, अंधार, थोपटणं सुरू केलं. भांडी राहिली, ती आजींनी घासली.

बाळ पावणेनऊला झोपून साडेनऊला उठलं, तर पुढची झोप बाराच्या सुमारास. ती दीडपर्यंत टिकली, तर तिसरी चारला, अर्धा-पाऊण तासाची. रात्रीची झोप साडेसात-पावणेआठच्या आसपास. एखादी झोप अर्ध्या तासातच मोडली, तर पुढचा जागेपणा पंधरा-वीस मिनिटांनी कमी करायचा. घड्याळाला चिकटून बसायचं नाही, मोजायचं ते शेवटच्या उठण्यापासून.

अंदाज चुकला हे कसं ओळखायचं? वीस मिनिटं हसतखेळत पडून राहिलं, तर लवकर नेलं. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं उशिरा. कमान करून रडलं, तर उशीर झाला. एका दिवसावरून ठरवू नका, तीन-चार दिवस बघा. बाळ महिनाभर आधी जन्मलं असेल, तर वय ठरलेल्या तारखेपासून धरा, ते पाचच महिन्यांचं समजा.

झोपेसाठी जायफळ उगाळून किंवा खोकल्याचं औषध चाटवू नका. माझं यावर आजीबायांशी नेहमी वाजतं. झोळीत डोळा लागला की सपाट जागी, उताणं ठेवा, तोंडाजवळ गोधडी-उशी नको.

वेळ साधूनही बाळ रडतच राहिलं, ताप असला, दूध कमी प्यायलं किंवा झोपेत घोरून श्वास अडखळला, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या ताईचं बाळ आठव्या दिवशी दहा मिनिटांत झोपलं. संध्याकाळची तिसरी झोप मात्र अजून रखडते. गल्लीत त्याच वेळी क्रिकेट असतं.