बेसलाइन की चेन? टॉलरन्स साचण्याबद्दलचा एक हट्टी गैरसमज

मशीनिंगच्या ड्रॉइंगवर भोकांची अंतरे सहसा दोन पद्धतींनी दिली जातात. चेन पद्धतीत प्रत्येक माप आधीच्या भोकापासून पुढच्या भोकापर्यंत असते. बेसलाइन पद्धतीत सगळी मापे एकाच संदर्भ-कडेपासून, म्हणजे डेटमपासून सुटतात. आंबिवली, डोंबिवली एमआयडीसी आणि अंबरनाथच्या वर्कशॉपांत, तसेच ड्राफ्टिंगच्या वर्गांतही, यांबद्दल एक नियम छातीठोकपणे सांगितला जातो: चेन दिली की टॉलरन्स साचतो, बेसलाइन दिली की साचत नाही, म्हणून डोळे मिटून बेसलाइन द्यावी. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा चूक आहे, आणि त्याच्यापायी चांगले जॉब भंगारात जातात.

बेसलाइनमध्ये प्रत्येक भोकाचे डेटमपासूनचे अंतर फक्त एका टॉलरन्सवर अवलंबून असते, एवढे बरोबर. पण त्यातल्या कोणत्याही दोन भोकांमधले अंतर ड्रॉइंगवर कुठेच लिहिलेले नसते. ते दोन मापांच्या वजाबाकीतून निघते आणि वजाबाकीतही टॉलरन्स एकमेकांत मिळवलेच जातात. अमेरिकेच्या एएसएमई वाय१४.५ या मानकात हे स्पष्ट दिले आहे. चेनमध्ये दोन भोकांतला जास्तीत जास्त फरक मधल्या सगळ्या टॉलरन्सच्या बेरजेइतका असतो, बेसलाइनमध्ये डेटमपासूनच्या दोन मापांच्या टॉलरन्सच्या बेरजेइतका. सर्वांत कमी साचणे हवे असेल तर ते अंतर थेट लिहावे, असेही तेच मानक सांगते.

एक साधी बेसप्लेट घेऊ. तिच्यावर दोन बेअरिंग ब्लॉक बसायचे आहेत आणि प्रत्येक ब्लॉकला एम८चे दोन बोल्ट आहेत. प्लेटमध्ये आटे पाडलेली चार भोके डाव्या कडेपासून २०, ५०, ११० आणि १४० मिलिमीटरवर आहेत. पहिली दोन भोके पहिल्या ब्लॉकची, पुढची दोन दुसऱ्याची. ब्लॉकमधली भोके ८.४ मिलिमीटरची असून त्यांच्यातले अंतर ३० आहे. टायटल ब्लॉकमध्ये नेहमीचीच एक ओळ आहे: वेगळा उल्लेख नसल्यास आयएसओ २७६८, मध्यम श्रेणी. या श्रेणीत ६ ते ३० मिलिमीटरच्या मापाला ±०.२, ३० ते १२०पर्यंत ±०.३ आणि १२० ते ४००पर्यंत ±०.५ सूट मिळते. मूळ माप वाढते तशी सूटही वाढते, हे पुढच्या हिशेबासाठी महत्त्वाचे.

आठचा बोल्ट ८.४च्या भोकात मध्यापासून ०.२ सरकू शकतो. दोन बोल्ट विरुद्ध दिशांना सरकले तर प्लेटवरचे अंतर आणि ब्लॉकवरचे अंतर यांत ०.४पर्यंत फरक चालतो. ब्लॉकच्या ३०च्या मापाला ±०.२ मिळालेलेच आहेत. म्हणजे प्लेटच्या वाट्याला उरतात ±०.२.

आता प्लेटला बेसलाइन मापे देऊ. पहिले भोक २० ± ०.२, दुसरे ५० ± ०.३. पहिले २०.२वर आणि दुसरे ४९.७वर पडले तर दोन्ही तपासणीत पास होतात, पण त्यांच्यातले अंतर २९.५ होते. समोरचा ब्लॉक ३०.२चा आला तर फरक ०.७ होतो आणि दुसरा बोल्ट बसत नाही. दुसऱ्या ब्लॉकची गत याहून वाईट, कारण ११० ± ०.३ आणि १४० ± ०.५ यांच्यातले अंतर ±०.८पर्यंत हलते. तीच प्लेट चेनमध्ये काढली तर दोन्ही जोड्यांना ३० ± ०.२ मिळते. वाईटात वाईट जोडीतही फरक ०.४च राहतो आणि ब्लॉक बसतो. ज्या पद्धतीला वाईट म्हणून बाजूला काढले जाते, तिनेच इथे असेंब्ली वाचवली.

चेन सगळीकडे श्रेष्ठ, असा याचा अर्थ नाही. त्याच प्लेटवर कडेपासून चौथे भोक चेनने मोजले तर ०.२, ०.२, ०.३ आणि ०.२ मिळून ±०.९ साचतात, बेसलाइनमध्ये ते ±०.५ असतात. ती कड एखाद्या स्टॉपला टेकणार असेल तर हा फरक भारी पडतो. म्हणून या प्लेटचे योग्य ड्रॉइंग मिश्र आहे. प्रत्येक ब्लॉकचे पहिले भोक कडेपासून, म्हणजे २० आणि ११०; दुसरे भोक त्याच ब्लॉकच्या पहिल्या भोकापासून ३०. दोन ब्लॉकमधले अंतरही नेमके हवे असेल, तर ११०चे माप काढून त्याजागी थेट ९० लिहावे. आधी विचारायचा प्रश्न असा: असेंब्लीत कोणता भाग कशाला भिडतो? जे दोन पृष्ठभाग किंवा जी दोन भोके एकाच जोडीदार भागात एकत्र बसतात, त्यांच्यामधले माप थेट लिहायचे.

ड्रॉइंगमधली चूक ओळखण्याची खूण वर्कशॉपमध्येच मिळते. प्लेट एका ठिकाणची, ब्लॉक दुसऱ्या ठिकाणचा, दोन्हींचे तपासणी अहवाल स्वच्छ, आणि तरी फिटर ब्लॉकचे भोक गोल कानशीने लांबट करत असतो. पहिला बोल्ट हाताने फिरतो, दुसरा तिरका धरतो. अशा वेळी ऑपरेटरला बोल लावणे अन्यायाचे आहे, कारण त्याने ड्रॉइंग तंतोतंत पाळलेले असते. एकाच फिटरने दोन्ही भाग एकमेकांना लावून बनवले असते तर ही चूक दिसलीही नसती. भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून आले की ती उघडी पडते.

‘सीएनसी आल्यावर हा वाद संपला’ हा दुसरा गैरसमज. `G90` मोडमध्ये मशीन प्रत्येक भोक एकाच शून्यापासून पाडते, त्यामुळे चेनच्या ड्रॉइंगवरूनही प्रत्यक्षात चूक साचत नाही, हे खरे. पण मशीन काय करू शकते आणि ड्रॉइंग काय चालवून घेते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जॉब उलटून पुन्हा पकडला, शून्य नव्याने घेतले किंवा पुढची ऑर्डर हाइट गेजने आखून ड्रिलिंग मशीनवर पाडणाऱ्याकडे गेली, की माल तपासणारा ड्रॉइंगच बघतो.

सगळे टॉलरन्स ±०.०५वर आणणे हा उपाय नाही: जिथे गरज नाही तिथेही रीमिंग, बोरिंग आणि तपासणीचा खर्च बसतो.

चेनमधली सगळी मापे देऊन वर एकूण लांबीही टॉलरन्ससह देणे चूक आहे, कारण दोन अटी एकमेकींना छेदतात. एक माप कंसात, निव्वळ संदर्भासाठी द्यावे.

टॉलरन्सच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढण्याची सांख्यिकी पद्धत मोठ्या आणि मधोमध स्थिरावलेल्या उत्पादनाला शोभते. पंचवीस नगांच्या ऑर्डरीत आणि दोनच मापांच्या साखळीत सरळ बेरीजच धरावी.

पोझिशन टॉलरन्स दिलेल्या ड्रॉइंगवर चेन की बेसलाइन हा प्रश्नच उरत नाही. तिथली चौकटीतली मूळ मापे टॉलरन्सविना असतात, त्यामुळे ती कशीही मांडली तरी काही साचत नाही. प्रत्येक भोकाला त्याच्या खऱ्या जागेभोवती एक वर्तुळ मिळते. वरच्या प्लेटमध्ये ८.४ आणि ८ यांतला ०.४चा फरक प्लेट आणि ब्लॉक यांत समान वाटला, तर प्रत्येकाच्या भोकांना ०.२ व्यासाचे वर्तुळ येते. दोन भोके विरुद्ध दिशांना ०.१ सरकली तर अंतर ±०.२नेच बदलते, म्हणजे चेनच्या हिशेबाइतकेच. पण त्यासाठी प्रत्येक ब्लॉकच्या दोन भोकांची जोडी स्वतंत्र समूह म्हणून नोंदवलेली असली पाहिजे. चारही भोकांना कडेपासून एकच सैल वर्तुळ दिले, तर बेसलाइनचीच अडचण नव्या चिन्हांत परत येते.