केलेली, केलेल्या आणि प्रतींची संख्या

जुन्या कागदांचें वाचन करितांना नामाच्या रूपाकडे सर्वांचें लक्ष असतें. त्यामागील ‘केलेली’, ‘झालेली’ यांसारख्या धातुसाधित विशेषणांकडे मात्र दुर्लक्ष होतें. त्यामुळें आमच्या हातून झालेली एक चूक येथें सांगतों.

एका बखरीच्या मोडी प्रतीच्या अखेरीस लेखकानें ‘पूर्वीं केलेल्या प्रतिवरून उतरिली’ असें लिहिलें होतें. मोडींत अनुस्वार पुष्कळदां गळतो, म्हणून आम्हीं तो आपल्या पदरचा घालून ‘प्रतींवरून’ असें वाचिलें, आणि लेखकापुढें अनेक मूळ प्रती असल्या पाहिजेत असें अनुमान बांधिलें. ‘केलेल्या’ हें रूपच अनेकवचनी आहे, अशी आमची समजूत झाली होती. तिचें मूळ आमच्या संस्कृताच्या संवयींत होतें. संस्कृतांत ‘लिखितात् पुस्तकात्’ आणि ‘लिखितेभ्यः पुस्तकेभ्यः’ असा भेद विशेषणावरहि उमटतो. मराठींत तसें नाहीं. नामास प्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय लागून त्याचें सामान्यरूप झालें कीं, तिन्ही लिंगांत व दोन्ही वचनांत विशेषण ‘केलेल्या’ एवढेंच राहतें: केलेल्या वाड्यांत, केलेल्या प्रतीवरून, केलेल्या कामांचा. अर्थात् त्या वाक्यांतील ‘केलेल्या’ आमच्या अनुमानास कांहींच आधार देत नव्हतें.

निर्णय झाला तो दोन ओळी खालीं. तेथें ‘जीर्ण झालेली प्रति परत केली’ असें होतें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसल्यानें नुसत्या ‘प्रति’ शब्दावरून एकवचन कीं अनेकवचन हें कळत नाहीं. परंतु येथें नाम प्रत्ययावांचून आलें आहे, आणि अशा ठिकाणीं विशेषण नामाचें लिंग व वचन पुरतेपणीं घेतें. प्रती अनेक असत्या तर ‘झालेल्या प्रति परत केल्या’ असें आलें असतें. ‘ली’ आणि ‘ल्या’ मोडींतहि सहसा एकमेकांत मिसळत नाहींत. मूळ प्रत एकच होती. दुसरीचा शोध आम्हीं उगाच केला!

हा मेळ वर्णिलेल्या नामाशीं असतो, कर्त्याशीं नव्हे: सीतेनें केलेला पाठ, रामानें केलेली पूजा. हें शाळेंतील मुलासहि बोलतांना चुकत नाहीं.

एक अडचण मात्र उरते. ‘आलेली’ स्त्रीलिंगी एकवचन आणि ‘आलेलीं’ नपुंसकलिंगी अनेकवचन, हा भेद केवळ अनुस्वाराचा. आणि तो सन १९६२ च्या लेखननियमांनीं छापील मराठींतूनहि गेला. नाम जवळ असेल तर बाध येत नाहीं. ‘आलेली पत्रें’ यांत संशय कसला? पण ‘आलेली दप्तरीं ठेविली’ एवढेंच असेल, तर ती एक चिठ्ठी कीं अनेक पत्रें, हें विशेषण सांगत नाहीं. ‘ठेविली’ या क्रियापदाचीहि तीच गत. पुढें ‘आहे’ किंवा ‘आहेत’ असल्यास संशय फिटतो. नसल्यास छापतांना अनुस्वार कंसांत द्यावा, मूळांत मिसळूं नये.